बाळंतपणाचा सोळावा दिवस, थांबलेलं पुन्हा लाल सुरू झालंय. आत्ता जावं की सकाळी?

रात्रपाळी (शनिवार, रात्री १०:४२)

घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. बायकोची पहिली डिलिव्हरी, नॉर्मल, आज सोळावा दिवस. सासूबाई मदतीला आल्यात. पहिले चार-पाच दिवस लाल जात होतं, मग तपकिरी झालं, अकराव्या दिवसापर्यंत अगदी पिवळट, नावापुरतं. परवा संध्याकाळी तासभर लाल दिसलं आणि थांबलं. आज दुपारी तीनपासून पुन्हा सुरू झालंय आणि या वेळी चांगलंच आहे. मघाशी आवळ्याएवढी गाठ पडली. ओटीपोटात कळा येतायत. अंग थोडं कोमट आहे, ९९.८.

सासूबाई म्हणतात, घाण निघतेय, निघू द्या. जिथे डिलिव्हरी झाली तिथे फोन केला, ड्यूटीवरची मुलगी म्हणाली की दीड महिना असं चालतं, सोमवारी ओपीडीला आणा. बायको म्हणते एवढ्या रात्री बाळाला घेऊन कुठे जायचं. मला एकट्यालाच घाबरायला होतंय की खरंच घाबरण्यासारखं आहे?

नेरुळनिवासी (१०:४७)

धागा नंतर काढा, आधी गाडी काढा.

बटवा (१०:५३)

घाबरू नका हो. अंगावरून सव्वा महिना जातंच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मधे बंद होऊन परत सुरू झालं होतं. बाळ अंगावर पितं तेव्हा पिशवी आवळते, म्हणून कळा येतात आणि जास्त जातं. रात्रभर आडवं राहून सकाळी उठलं की एकदम भसकन येतं, तेही साठलेलं असतं. आत राहिलं तर वाईट, त्यामुळे निघालेलं बरं. सध्या पोटाला शेक नको, बाकी दशमुळाचा काढा चालू असेल तर चालू ठेवा. उद्या बघा.

अवनी_ठाणे (१०:५८)

बटवाताई, पाजताना आणि उठल्यावर जास्त जातं हे बरोबर. पण ते दहा मिनिटांत ओसरतं. यांचं दुपारी तीनपासून चालू आहे.

रात्रपाळी, दर तासाला किती पॅड भिजतायत ते सांगा. 'चांगलंच' म्हणजे किती हे इथे कुणाला कळणार?

रात्रपाळी (११:०४)

तिथेच घोळ आहे. सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या घड्या दिल्यात, पॅड टोचतो म्हणून. घडी भिजली की लगेच भिजत घालून धुतात. त्यामुळे किती गेलं याचा हिशोबच नाही. नऊ वाजता मी हट्टाने पॅड लावायला सांगितला. तो पावणेदहाला पूर्ण भरला, कडेने बाहेर आलं. दुसरा आत्ता बदलला, तोही तसाच. इंजिनिअर माणूस, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. कोरा ११ ग्रॅम, भिजलेला ९४.

नेरुळनिवासी (११:०६)

तो काटा आता पोह्यांना वापरू नका. बाकी गंभीर आहे, निघा.

सुईणआत्या (११:०९)

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये सिस्टर होते. पटापट तीन गोष्टी सांगा.
नाडी किती? मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.
डिस्चार्ज कार्डावर वारेबद्दल काय लिहिलंय?
वार पडायला किती वेळ लागला होता, आठवतंय का?

आणि बाळा, सासूबाईंवर चिडू नकोस. आमच्या पिढीला हेच सांगितलं गेलंय.

रात्रपाळी (११:१६)

नाडी ११४. बाबांचं बीपी मशीन लावलं, १०६/७०, म्हणजे बीपी ठीक आहे ना? कार्डावर इंग्रजीत एक ओळ आहे, वार काढली पण पडदे फाटके होते अशा अर्थाची. वार पडायला बराच वेळ लागला होता, डॉक्टरांनी शेवटी ओढून काढली असं बायको म्हणते. अर्धा तास तरी. मी बाहेर होतो.

टाकेवाली (११:२१)

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत. एरवी इथे फक्त पाककृती वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

रात्रपाळी, आत्ता निघा. बीपी ठीक नाही. बीपीचा वरचा आकडा १०६ आणि नाडी ११४. नाडी त्या आकड्याच्या वर गेली की रक्त बरंच गेलंय असं समजायचं. तरुण बाईचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. आधी बोलते ती नाडी.

दोन तासांत दोन पॅड पूर्ण भिजले. लाल थांबून पिवळट झालं होतं ते परत लाल झालं. वार ओढून काढावी लागली आणि पडदे फाटके होते. त्यात कळा आणि कणकण. यातली एकेक गोष्ट सुटी असती तर मी फोनवर दोन प्रश्न आणखी विचारले असते. एकत्र आहेत, म्हणून विचारत नाही. वारेचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता मोठी आहे.

कुठे जायचं, तर जिथे रात्री सोनोग्राफी होते, ऑपरेशन थिएटर चालू असतं, भूलतज्ज्ञ येतो आणि रक्ताची पिशवी मिळते तिथेच. डिलिव्हरी जिथे झाली तिथे यातलं काही नसेल तर तिथे जाऊन पुढे पाठवण्यात तास जाईल. निघायच्या आधी फोन करून 'बाळंतीण, सोळावा दिवस, जास्त रक्तस्राव' एवढंच सांगा. डिस्चार्ज कार्ड आणि रक्तगटाचा कागद घ्या. भिजलेले पॅड पिशवीत घालून न्या, पडलेली गाठ असेल तर तीही. आता तिला खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. बाळाला बरोबरच न्या, दूध तोडायची काही गरज नाही.

गाडीत तिला मागे आडवं ठेवा, कुणीतरी शेजारी बसा. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही सुरू झालं तर गाडीचा नाद सोडा आणि १०८ लावा.

हिरवाचाफा (११:२४)

माझ्याकडे मिथर्जिनच्या गोळ्या राहिल्यात बाळंतपणातल्या. त्याने पिशवी आवळते. तुमच्याकडेही असतील कार्डावर लिहून दिलेल्या. जाता जाता एक द्या.

टाकेवाली (११:२६)

पिशवी आवळते हे खरं. पण बीपी वाढलेलं असेल तर ती गोळी धोक्याची, आणि आत तुकडा अडकला असेल तर पिशवी आवळूनही रक्त थांबत नाही. तासभर 'गोळी दिलीय, बघू' म्हणत बसाल, तोच खरा तोटा. नको.

रात्रपाळी (११:२९)

निघालो. मेहुणा गाडी चालवतोय. सासूबाई बाळाला घेऊन पुढे बसल्यात, गप्प आहेत. ट्रकची रांग लागलीय.

पानशेत (रविवार, सकाळी ७:१५)

काही कळलं का? रात्रभर दोनदा उघडून पाहिलं.

अवनी_ठाणे (७:४०)

नाही अजून.

सुईणआत्या (८:०५)

कळेलच. तोवर 'पडदे फाटके' म्हणजे काय ते सांगते, कारण ती ओळ कार्डावर असूनही घरच्यांना कुणी समजावून सांगितली नाही याचा मला राग आलाय.

वार बाहेर आली की ती ट्रेमध्ये नुसती टाकून द्यायची नसते. आम्ही ती धुऊन, आईच्या बाजूने वर करून, दोन्ही तळव्यांवर पसरायचो. तिचे फुगीर कप्पे असतात, ओंजळ केली की ते एकमेकांत नीट बसायला हवेत. मधे खड्डा दिसला की समजायचं, एक कप्पा आत राहिला. मग पडदे, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचं वारेला जोडलेलं पातळ आवरण, उचलून उजेडात धरायचे. एखादी रक्तवाहिनी वारेच्या कडेपलीकडे पडद्यात गेली असेल आणि पुढे तुटली असेल, तर वारेचं सुटं पिल्लू आत आहे. मुख्य वार अख्खी दिसते आणि पिल्लू आतच राहतं, म्हणून हे फसवं. नवीन मुलींना मी हे प्रत्येक वेळी करायला लावायची. त्या मला 'वारकरी' म्हणायच्या.

नेरुळनिवासी (८:११)

आत्या, हा विनोद तुमच्या नावावर जमा.

वकीलसाहेब (८:३०)

म्हणजे सरळसरळ निष्काळजीपणा. वार पूर्ण आली नाही हे कार्डावर लिहून घरी पाठवलं, आणि फोनवर 'सोमवारी या'. रात्रपाळी यांनी सगळे कागद जपून ठेवावेत.

सुईणआत्या (८:४४)

साहेब, पडदे फाटके असणं आणि वार अर्धी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्याच्या चिंध्या पुष्कळदा राहतात आणि आपोआप पडून जातात. त्यांनी लिहिलं तरी, लिहीतही नाहीत लोक. माझा राग तोंडी न सांगण्याबद्दल आहे. आणि फोनवरच्या त्या मुलीबद्दल. तिने पॅड किती एवढं तरी विचारायला हवं होतं.

पानशेत (८:५२)

फोनवर असली उत्तरं देणाऱ्याला पगार कमी आणि रात्री एकटीला बसवलेलं असतं, तेही लिहा. पण मला एक समजत नाही. घरी सोडण्याआधी सरसकट सोनोग्राफी का करत नाहीत? दहा मिनिटांचं काम. तुकडा दिसला की काढून टाका.

चिऊताई२ (९:२०)

माझा पण हाच प्रश्न आहे. माझी मुलगी सात महिन्यांची झाली, अजून पाळीच आली नाही. काही अडकलं असेल का? सोनोग्राफी करू का?

अवनी_ठाणे (९:२६)

चिऊताई, हा धागा जास्त जाण्याबद्दल आहे, तुमचं येतच नाहीये. अंगावर पाजताय ना? मग बऱ्याच जणींची वर्षभरही येत नाही. मात्र दिवस राहू शकतात, त्यामुळे आधी तेवढी घरगुती चाचणी करून घ्या.

चिऊताई२ (९:२८)

🙈 बरं.

टाकेवाली (१०:१०)

पानशेत, प्रश्न चांगला आहे. आमच्यातही यावर वाद होतात.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस पिशवीत रक्ताच्या गाठी, पडद्याचे तुकडे हे जवळजवळ सगळ्यांच्याच सोनोग्राफीत दिसतं. गाठ आणि वारेचा तुकडा मशीनच्या स्क्रीनवर सारखेच दिसू शकतात. सरसकट तपासणी केली तर धडधाकट बायकांच्या पिशव्या आम्ही विनाकारण साफ करू. आणि या दिवसांत पिशवी लोण्यासारखी मऊ असते, हत्यार आरपार जाऊ शकतं. म्हणून लक्षणं असतील तरच सोनोग्राफी. तेव्हाही नुसती जाडी पाहून भागत नाही, त्या गोळ्याला रक्तपुरवठा चालू आहे का हे रंगीत डॉपलरवर पाहतात. पुरवठा दिसला तर तुकडाच असण्याकडे कल जातो. नाही दिसला म्हणून तुकडा नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

बटवाताईंचं एक वाक्य अर्धं खरं आहे. वार जिथे चिकटलेली असते तिथे जखमेवर धरते तशी खपली धरते आणि दुसऱ्या आठवड्यात ती पडते. तेव्हा तास-दोन तास लाल जातं आणि थांबतं. रात्रपाळींनी लिहिलेलं 'परवा तासभर' ते असू शकेल. अशी एखादी संध्याकाळ पुष्कळ जणींना येते, म्हणूनच पुढचं खरं संकट आलं की घरचे म्हणतात, मागेही असंच झालं होतं, थांबलं. खपलीचं रक्त ओसरत जातं. तुकड्याचं वाढत जातं किंवा थांबून थांबून परत येतं. तुकडा मधे असल्यामुळे पिशवीला मूठ नीट आवळता येत नाही आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. तो थोडा सुटला की धो धो, परत चिकटला की बंद. दोन-तीन आठवड्यांनीच हे का होतं, त्याचं उत्तर हेच.

बटवा (१०:३१)

मान्य. काल 'उद्या बघा' लिहिलं ते चुकलंच. खपलीचं माहीत नव्हतं.

गवतीचहा (११:०२)

माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे, आणि तो सांगावासा वाटतो कारण सगळे 'काढून टाका' म्हणतायत.

चार वर्षांपूर्वी बाविसाव्या दिवशी मला रक्त जायला लागलं. फार नव्हतं, दिवसाला तीन-चार पॅड. ठाण्यातच क्युरेटिंग झालं. आठ दिवसांनी परत रक्त, परत सोनोग्राफी, अजून थोडं आहे म्हणून दुसऱ्यांदा क्युरेटिंग. रक्त थांबलं. नंतर पाळी आली ती दोन दिवस, डागांपुरती. वर्षभर सगळे म्हणत होते, छान ना, त्रास नाही. दुसऱ्या बाळासाठी प्रयत्न सुरू केले तेव्हा दुर्बिणीने तपासलं, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. सोडवल्या, सध्या उपचार चालू आहेत. पुढचं माहीत नाही.

पहिल्यांदाच थांबले असते तर? आजही याचं उत्तर मला कुणी सरळ दिलेलं नाही.

टाकेवाली (११:४०)

गवतीचहा, सरळ उत्तर माझ्याकडेही नाही. रक्त कमी असेल, ताप नसेल, हिमोग्लोबिन टिकून असेल तर थांबून पाहणं योग्य आहे असं मी मानते. प्रतिजैविकं, पिशवी आवळणारी औषधं, दर आठवड्याला तपासणी. बरेच तुकडे आपोआप पडतात. नाहीच पडला तर काही आठवडे जाऊ देऊन, पिशवी घट्ट झाल्यावर, दुर्बिणीने बघत फक्त तेवढाच भाग काढतात, त्यात बाकीचं अस्तर खरवडलं जात नाही. पण सगळीकडे ती सोय नसते. आणि माझे काही सहकारी म्हणतील, थांबण्यात जंतुसंसर्ग वाढला तर त्यानेही आत चिकटतंच. त्यांचंही खोटं नाही.

धो धो रक्त जात असेल तेव्हा हा वाद संपतो. तेव्हा काढायचंच, पण सोनोग्राफीखाली बघत आणि शक्यतो सक्शनने. धारदार चमच्याने खरवडून नाही. घरच्यांनी एवढं जरूर विचारावं, 'सक्शन करणार का, सोनोग्राफी लावून करणार का?' या प्रश्नाने कुणी डॉक्टर रागावला तर रागावू द्या.

मुक्ता_ऐरोली (१२:१५)

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेचं सांगते. दिघ्याला राहतात. सिझर झालं होतं, एकोणिसाव्या दिवशी रक्त सुरू झालं. घरात सगळ्यांचं एकच, सिझरमध्ये डॉक्टर हाताने सगळं काढतात, काही राहूच शकत नाही. आणि खरी भीती पैशांची, सिझरचंच कर्ज डोक्यावर. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या, तिचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांनीच १०८ बोलावली.

सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आईचे उपचार मोफत असतात. औषधं, तपासण्या, रक्त, जायची गाडी, सगळं. २०११ पासूनची केंद्राची योजना आहे, जननी शिशु सुरक्षा. मावशींना हे माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. सिझर खासगीत झालं होतं तरी कळव्याच्या रुग्णालयात घेतलं तिला. दोन पिशव्या रक्त चढलं.

सुईणआत्या (१२:२८)

सिझरमध्ये राहू शकतं. कमी वेळा राहतं, एवढंच. आणि सिझरवाल्या बाईला तिसऱ्या आठवड्यात रक्त सुरू झालं की आतल्या टाक्यांच्या जागी जंतुसंसर्ग झालाय का हेही बघावं लागतं, त्यामुळे तिने तर अजिबात घरी बसू नये.

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ५:५०)

सगळ्यांना नमस्कार. ती ठीक आहे. झोपलीय, बाळ शेजारी. आता सविस्तर लिहितो.

मानपाड्यापर्यंत यायला ३५ मिनिटं लागली. गाडीत तिसरा पॅड भरला आणि ती म्हणाली कानात आवाज येतोय. कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा नाडी १२६. दोन्ही हातांना सुया लावून सलाईन सुरू केलं, रक्त तपासायला आणि गट जुळवायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.३ आलं. डिलिव्हरीच्या वेळी १०.८ होतं. मी म्हटलं, फार काही गेलेलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, हा आकडा आत्ता खोटा आहे, रक्त जातं तेव्हा पाणी आणि पेशी सारख्याच प्रमाणात जातात, चार तासांनी बघू. चार तासांनी ७.४.

डॉक्टरांनी पोट तपासलं तेव्हा एक गोष्ट दाखवली. दहा-बारा दिवसांत पिशवी ओटीच्या हाडाखाली जाते, वरून हाताला लागत नाही. हिची लागत होती, मऊ, दाबलं की दुखत होती. मला वाटलं होतं बाळंतिणीचं पोट असंच असतं.

सोनोग्राफीत २.८ बाय १.९ सेंटिमीटरचा गोळा, डॉपलरवर त्यात रक्तपुरवठा दिसला. सलाईनमधून प्रतिजैविकं आणि पिशवी आवळायचं औषध सुरू केलं, रक्त थोडं कमी झालं पण थांबलं नाही. पहाटे चारला आत घेतलं. मी विचारलं, सक्शन का, सोनोग्राफी लावून का? (टाकेवाली तुमचं उत्तर नंतरचं आहे, पण रात्री मेहुण्याच्या ओळखीच्या एका नर्सने हेच सांगितलं होतं.) दोन्हीला हो म्हणाल्या. वीस मिनिटांत बाहेर. एक पिशवी रक्त दिलं. शुद्धीवर आल्यावर दोन तासांनी तिने बाळाला पाजलं. काढलेला तुकडा तपासायला गेलाय.

डॉक्टर म्हणाल्या, सकाळपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण आणखी तीन तास त्याच वेगाने गेलं असतं तर वाटेतच बीपी पडलं असतं.

सासूबाई रात्रभर बाकावर बसून होत्या. पहाटे म्हणाल्या, "मलाही हिच्या वेळी दोन महिने जात होतं. पिशवी साफ केली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं." बायकोलाही हे आजच कळलं.

बटवा (५:५८)

बरं झालं बाई. जीव भांड्यात पडला.

पानशेत (६:१०)

काट्याचं काय झालं?

टाकेवाली (६:४५)

छान. आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. तुकड्याचा अहवाल मागून घ्या, तो येतो आणि लोक न्यायला जात नाहीत. पुढचे काही दिवस ताप, वास, पोट फुगणं किंवा परत लाल, यातलं काही झालं तर ओपीडीची वाट बघायची नाही. आणि रक्त चढवलं म्हणून लोह सुटलं असं नाही, ते बरेच महिने लागेल.

वकीलसाहेब (७:०२)

आणि पहिल्या नर्सिंग होमचं काय? पत्र तरी द्या.

रात्रपाळी (७:२०)

देणार आहे, पण भांडायला नाही. फोनजवळ बसणाऱ्या मुलीसाठी एक कागद लावा, त्यावर तासाला किती पॅड, नाडी, ताप एवढे तीन प्रश्न लिहा, असं सांगणार आहे. लावतील का माहीत नाही.

सुईणआत्या (७:३१)

चौथा लिही. 'बंद होऊन परत लाल झालं का?' खरं तर तोच पहिला.

गवतीचहा (९:१५)

रात्रपाळी, वहिनींची पाळी परत सुरू होईल तेव्हा किती दिवस येते ते लिहून ठेवायला सांगा. एकदम कमी झाली तर 'छान' म्हणून सोडू नका. पाजत असतील तर यायलाच वेळ लागेल, तोवर काळजी करत बसायचं नाही. हे लिहिणं मला सोपं आहे, माझ्याच्याने झालं नव्हतं.

रात्रपाळी (अकरा दिवसांनी, बुधवार, रात्री ११:४८)

अहवाल आला. वारेचेच अंश, सोबत सूज. बाकी काही वाईट नाही. जाणं आता पिवळट, दोन दिवसांत जवळजवळ बंद. पिशवी वरून लागत नाही. हिमोग्लोबिन ९.०, लोहाचं इंजेक्शन झालं.

डॉक्टरांना विचारलं, पुढच्या वेळी असं परत होईल का? म्हणाल्या, एकदा वार अडकली तर पुढच्या बाळंतपणात अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे नाव नोंदवतानाच हे सांगायचं आणि घराजवळच्या छोट्या ठिकाणी करायचं नाही. बायको म्हणाली, पुढची वेळ हा शब्द वर्षभर काढायचा नाही.

पानशेत, काटा सासूबाईंनी फेकून दिला. नवीन मागवलाय. सध्या त्यांची वही आहे, डाव्या पानावर बाळाचं दूध, शी, शू आणि उजव्या पानावर हिचे पॅड. वेळेसकट.

नेरुळनिवासी (११:५२)

पोहे झाले की कळवा.